खिशाबाहेरचा अंगठा

आमच्या स्टुडिओत लोक कोट घालाले येतात. कोणी टी-शर्टावर येते, कोणी बनियनवर, एक बुढा तं धोतरावर आला होता, आणि फोटोत कोट-टाय घालून घरी गेला. कोट दुकानात नाही, माझ्या कॉम्प्युटरात आहे. सानगडीच्या बाजारात मनिषभाऊचा स्टुडिओ आहे. भाऊ फोटो काढते आणि मी, उर्वशी, कपडे चढवते. लग्नाच्या बायोडाट्याचे, नोकरीच्या अर्जाचे, भिंतीवर हार घालाच्या फोटोचे, सगळ्याईचे कपडे माझ्याच हातून जातात.

लोक म्हणतात, आता तं मोबाइलमधलं अ‍ॅप एका मिनिटात कपडे बदलवून देते, तुझं काय काम? कोणाकोणाचं तोंड धरावं. अ‍ॅप कोट मस्त शिवते, पण बाही संपून हात सुरू होते तिथे त्याची फजिती होते. हात मोकळा लोंबत असला तं ठीक. हात खिशात असला, नाहीतं हातात काही धरलेलं असलं, की झाला बट्ट्याबोळ. गावातल्या तुलारामजीनं छत्री धरून फोटो काढला होता, अ‍ॅपनं छत्रीची मूठ बाहीतच शिवून टाकली. त्याईले वाटलं ही नवीन फॅशन आहे. मी म्हटलं, तुलारामजी, घरी जा आणि उद्या या.

माझी रीत अशी आहे. पहिले हात मूळ फोटोतून जसाचा तसा वेगळा काढायचा आणि त्याले कुलूप लावायचं, म्हणजे ब्रश त्याले शिवणार नाही. मंग कोट. बाहीचं तोंड मनगटावर आलं पाहिजे. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ थोडासा दिसला पाहिजे आणि कफाखाली कातडीवर बारीक सावली पाहिजे, नाहीतं हात चिकटवलेला वाटते. खिशात हात असला की अजून गंमत. हात पँटीच्या वर, पण खिशाचा काठ हाताच्या वर, म्हणजे हात कापडाच्या दोन पदरांमधात. काठ स्वच्छ, आत काळोख. कोटाचा घेर मनगटानं मागे ढकललेला दिसला पाहिजे. तो हातावरून सरळ खाली लोंबला तं समजा कोट खोटा आहे. कडा जास्त धारदार ठेवली तं कैचीनं कापल्यासारखी दिसते, जास्त नरम ठेवली तं तूप फासल्यासारखी. सांगाले सोपं आहे, कराले माझी अख्खी दुपार जाते.

आता अशा पोरीले स्वतःच्या लग्नासाठी पोराचा फोटो दाखवला तं ती कुठे पाहीन? माझी आई, ललिताबाई, तिले वाटलं चेहरा पाहीन.

स्थळ श्यामरावमामानं आणलं होतं. पोराचं नाव निकेश, गाव नाकाडोंगरी, तिथेच मोटरसायकल रिपेरिंगचं दुकान, घरी धानाची शेती, बाप केवळराम. मामानं बायोडाटा माझ्या मोबाइलवर पाठवला आणि फोन करून विचारलं, पाहिला का? मी म्हटलं पाहून राहिली. खरं सांगते, चेहरा मी पहिले पाहिला. चेहरा चांगला होता. हसू दाबून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा होता, आणि मले तो आवडला. हेच तं दुखणं झालं. नसता आवडला तं मी पुढे पाहिलंच नसतं.

निळा कोट, पांढरा शर्ट, डाव्या हातात हेल्मेट, उजवा हात पँटीच्या खिशात, अंगठा बाहेर. कोट कोणीतरी चढवलेला आहे हे तं मी लांबूनच ओळखलं. डाव्या बाहीनं हेल्मेटचा पट्टा गिळला होता. ते सोडा. उजव्या हातापाशी गेली आणि थांबली. खिशाचा काठ अंगठ्यापर्यंत चांगला होता, आणि अंगठ्याच्या बाजूले एकदम पुसट. कापडाची वीण तिथे मोडली होती, ब्रश फिरला होता. आणि पँटीवर सावल्या दोन होत्या. एक अंगठ्याची. दुसरी लहान, बारीक, आणि तिचा मालक कुठेच नाही.

मी फोटो मोठ्या पडद्यावर घेऊन मनिषभाऊले दाखवला. भाऊ म्हणते, अ‍ॅपची चूक असंन, कायले डोकं लावतं? मी म्हटलं, भाऊ, अ‍ॅप चुकलं तं बोट आणि सावली दोन्ही देते. इथे कोणीतरी मागून ब्रशनं बोट पुसलं आणि सावली पुसाले विसरला. बोट होतं. लहान होतं, बारीक होतं. आणि त्याच्या खिशापाशी होतं.

भाऊ समजला आणि हसाले लागला. मले हसू नाही आलं. माझ्या डोळ्यासमोर तिकडची सगळी कहाणीच उभी राहिली. एक पोरगी त्याच्या हातात हात घालून उभी आहे, हात त्याच्या खिशात आहे, आणि लग्नाचं ठरवायची वेळ आली तशी त्यानं तिले फोटोतून कापलं. सगळी गेली, एका बोटाची सावली राहिली. मी त्या सावलीवर एवढी जळली की दुपारचा डबा तसाच घरी नेला.

आईले सांगतलं तं तिनं कपाळाले हात लावला. तिचं म्हणणं, याच्या अगोदर एकाची टाय वाकडी होती म्हणून तू नाही म्हटलं, एकाच्या फोटोत कानामागे जुने केस पुसाचे राहिले होते म्हणून नाही म्हटलं. माणूस पाहाचा का माणसाची शिलाई पाहाची? मी म्हटलं, आई, ज्यानं एक बोट लपवलं तो उद्या काय काय लपवीन? ती म्हणे, उद्याचं उद्या, रविवारी पाहुणे येऊन राहिले, पोहे कोण करीन ते सांग.

मंग मीही मनात ठरवलं. येऊ दे. हातच्या काकणाले आरसा कायले? समोर बसवून तोंडावर विचारीन, ती कोण होती. खरं बोलला तं पाहू, खोटं बोलला तं राम राम. माझ्या आयुष्याचा सवाल होता, मामाच्या मध्यस्थीचा नाही.

रविवारी ते आले. निकेश आणि त्याचा बाप केवळराम, दोघंच, मोटरसायकलवर. घरी आम्ही तिघं आणि मामा. माझे बाबा, यादोराव, नवीन टॉवेल खांद्यावर टाकून बसले होते. बाबा फार बोलत नाही. आमच्या घरी बोलाचं काम आई करते आणि पाहुणे आले की मामा करते. मी आतल्या खोलीतून पडद्याच्या फटीतून पाहिलं. निकेशनं आकाशी शर्ट घातला होता, पूर्ण बाहीचा, कोट नव्हता. फोटोपेक्षा बरा दिसत होता. मले अजून राग आला.

चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आली. पोरीनं मान खाली घालून यावं अशी रीत आहे, आणि त्या दिवशी मी ती रीत मनापासून पाळली, कारण मले खालीच पाहायचं होतं. पहिला कप केवळरामजीले, दुसरा त्याले. त्यानं उजव्या हातानं बशी धरली.

बशीच्या काठावर अंगठा होता. आणि अंगठ्याच्या बुडापासून निघालेला अजून एक अंगठा होता. लहान, बारीक, नखासकट. चार बोटं बशीखाली, दोन अंगठे वर.

मले एका क्षणात सगळं समजलं. माझी ती पोरगी, ती हातात हात घालून उभी राहणारी, तिची नखं, तिचा रुसवा, सगळं त्याच्याच हातावर उगवलेलं होतं. मले एवढं हसू आलं की ट्रे हलाले लागला. आईनं डोळे वटारले. मी ओठ चावून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. जीव हलका झाला होता, खोटं कशाले बोलू.

पण मामाची नजरही तिथेच गेली होती. मामानं कप खाली ठेवला. म्हणे, हे काय आहे? केवळरामजी म्हणाले, काय म्हणजे, बोट आहे, जन्माचं आहे, फोटोत तं पाहिलंच असंन तुम्ही. मामा म्हणे, फोटोत कुठे आहे? दोघांनी खिशातून मोबाइल काढले. केवळरामजीनं चष्मा लावला. एकच फोटो, दोन मोबाइल, आणि दोन्हीत खिशाबाहेर एकच अंगठा.

केवळरामजी म्हातारे नव्हते, पण त्या वेळेले एकदम म्हातारे दिसले. त्याईनं पोराकडे पाहिलं. निकेशनं मोबाइल हातात घेतला, पाहिला, आणि त्याचं तोंड उतरलं. तो म्हणे की स्टुडिओवाल्यानं फोटो पाठवला तेव्हा त्यानं फक्त चेहरा पाहिला, चेहरा बरा आला म्हणून तसाच पुढे पाठवला.

मामा आता रंगात आला. म्हणे, सहा बोटाचा माणूस नशीबवान असते म्हणतात, माझं काही म्हणणं नाही. पण सांगायचं ना. पोरीच्या घरी खोटा फोटो पाठवून वरतून फोटोत पाहिलंच असंन म्हणता, ही तं चोरी आणि वर शिरजोरी झाली. आज बोट लपवलं, उद्या घरात काय लपवून ठेवलं आहे, आम्ही कुठे शोधत फिरावं?

हेच मी दोन दिवसाअगोदर आईले म्हटलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. माझेच शब्द मामाच्या तोंडून ऐकले तं मले ते बिलकुल आवडले नाही.

केवळरामजीनं सांगाचा प्रयत्न केला. म्हणे, याच्याअगोदर दोन ठिकाणी पोरीवाले घरी आले, चहा घेतला, हात पाहिला आणि उठून गेले. म्हणून या पोरानंच म्हटलं की बाबा, आता फोटोतच दाखवून देऊ, ज्याले चालंन तो येईन. म्हणून तं त्यानं अंगठे खिशाबाहेर ठेवून फोटो काढला. पण मामा ऐकाच्या मनःस्थितीत नव्हता. बाबा टॉवेलाचा कोपरा चोळत बसले होते. निकेश उठला. बापाले म्हणे, चला. आवाजात राग नव्हता, आणि तेच मले लागलं. सवय झालेल्या माणसाचा आवाज होता तो. तो चपलेकडे गेला.

चोर सोडून संन्याशाले फाशी होऊन राहिली होती आणि ब्रश चालवणारे असे चोर मी रोज पाहते, त्याईची पुसापुशी मले ओळखता येते. मी ट्रे खाली ठेवला.

“बसा,” मी म्हटलं. “खोटं कोणी केलं ते फोटोतच दिसते.”

पाहाले बसवलेल्या पोरीनं असं बोलाची रीत नाही, पण निकेश चपलेपाशीच थांबला. मी माझा मोबाइल घेतला, फोटो मोठा केला आणि मामाच्या समोर धरला. खिशाचा काठ दाखवला, इथपर्यंत स्वच्छ आहे, इथून पुसट आहे. कापडाची वीण दाखवली. मंग पँटीवरच्या दोन सावल्या दाखवल्या आणि विचारलं, मामा, हा अंगठा एक आहे, मंग ही दुसरी सावली कोणाची? मामानं मोबाइल दूर धरला, जवळ धरला. म्हणे, बरं, होतं बोट. म्हणजे यानंच पुसून घेतलं.

हा सवाल खरा होता. सावलीवरून बोट होतं हे कळते, पुसा म्हणून कोणी सांगतलं हे कळत नाही. मीही दोन दिवस इथेच अडकली होती. पण आता हात समोर होता.

“मामा, ज्याले लपवायचं असते तो अंगठा खिशाबाहेर कायले ठेवीन?” मी म्हटलं. “अख्खा हात आत घातला असता तं विषयच मिटला असता. खिसा त्याच्यासाठीच असते.”

बाबानं पहिल्यांदा मान वर केली. पण मामा मामाच आहे. म्हणे, काढताना ठेवला असंन, मंग मन बदललं असंन. मी निकेशले म्हटलं, कोट कोणी चढवला? तो म्हणे, तुमसरकडच्या एका स्टुडिओतला अमर म्हणून आहे. मी म्हटलं, लावा फोन, स्पीकरवर ठेवा, आणि फक्त एवढंच विचारा की फोटोत माझं बोट कुठे गेलं. बाकी काही बोलू नका.

त्यानं उभ्यानंच फोन लावला. अमरचा आवाज मोठा आणि आनंदी होता. निकेशनं विचारलं, अमरभाऊ, माझ्या फोटोत हाताचं बोट कुठे गेलं?

“अरे, ते सहावं?” अमर म्हणे. “हे अ‍ॅप हरामी आहे, कोट घालून देते आणि हाताले जास्तीची बोटं लावते. मी सगळ्याईचे हात मोजतो बाप्पा. तुझं लय सफाईनं काढलं, पत्ताच नाही लागत. एक्स्ट्रा पैसे पण नाही घेतले.”

मले राहवलं नाही. मी लांबूनच म्हटलं की सावली तशीच आहे आणि हेल्मेटचा पट्टा बाहीनं खाल्ला आहे. पलीकडून अमर म्हणे, कोण बोलून राहिलं? निकेशनं फोन कापला.

आई पदर तोंडाले लावून हसाले लागली. मंग बाबा हसले. मंग केवळरामजी चष्मा पुसत हसले, आणि मामाही शेवटी हसला, कारण न हसता तो एकटाच उरला असता. अमरचा दोष तरी किती म्हणावा? त्यानं मूळ फोटोशी हात ताडून पाहिला नाही, एवढाच. अ‍ॅपच्या चुका निस्तरता निस्तरता आम्हा लोकाईले बोटं मोजाची सवयच लागली आहे. हात दिसला की मोज, पाचाच्या वर गेला की काप. मी या फोटोवर कामाले बसली असती तं मीही पहिले मोजलीच असती, मंग मूळ फोटो उघडला असता, एवढाच फरक.

सगळे परत बसले. आईनं पोहे आणले. आता गोष्ट जमली असं वातावरण झालं, आणि वातावरण जमलं की मोठी माणसं पुढचा विचार कराले लागतात. मामा म्हणे, पोरगा खरा आहे, आता माझी काही तक्रार नाही. फक्त एक. लग्नात हळद लागीन, हातात हात द्याचा असते, गावातली माणसं पाहतीन. आजकाल ऑपरेशन होते. भंडाऱ्याले दाखवा, नाहीतं नागपूरले न्या. आई म्हणे, हो, लहानसंच तं आहे. उद्या लेकराबाळाचं काय, हे ती पुटपुटली, पण सगळ्याईनं ऐकलं. बाबानं मान हलवली. केवळरामजी तं एवढे मोकळे झाले होते की म्हणे, उद्याच नेतो, त्यात काय, लहानपणीच काढाचं होतं, राहून गेलं.

सगळे खुश होते. पोहे चांगले झाले होते. दोन घरं एका बोटाच्या बदल्यात जुळत होती आणि कोणालेच ते महाग वाटत नव्हतं.

मी निकेशकडे पाहिलं. त्याची प्लेट बाजूच्या स्टुलावर तशीच होती. उजवा हात खिशात होता. फोटोत होता तसा नाही. अख्खा. आकाशी बाही खाली येऊन सरळ खिशाच्या काठात गेली होती, मधात कातडीची एक रेघही दिसत नव्हती. बाही आणि खिसा, बस. मी रोज बाही आणि हाताची सीमा जुळवते, ती किती दिसावी, कुठे सावली पडावी, याच्यावर माझं पोट आहे. अशी सीमा मी कधी पाहिली नव्हती. जिथे हात असाले पाहिजे तिथे नुसतं कापड होतं, आणि त्यात जिवंत माणूस गप्प बसला होता.

मले त्याचा राग नाही आला, आमच्या सगळ्याईचा आला. अमरनं निदान न कळता पुसलं होतं. आम्ही चहा-पोहे खाऊन, हसून खेळून, पाहून सवरून पुसाले बसलो होतो.

मी त्याले विचारलं, त्या बोटाचा त्रास होते का? तो म्हणे नाही. दुखते? नाही. कामात अडते? त्यानं बापाकडे पाहिलं, मंग जमिनीकडे. म्हणे, उलट कामाचं आहे, नट खोलला की त्याखालची गोल चकती, वायसर, त्याच्यावर अडकवून ठेवतो, हरवत नाही. आजोबाले पण होतं. हात खिशातच.

“हात बाहेर काढा,” मी म्हटलं.

सगळ्याईचे चमचे थांबले. त्यानं काढला नाही. म्हणे, राहू द्या, एवढ्यानं जमत असंन तं काढून टाकतो, काही हरकत नाही. हे तो माझ्याकडे पाहून बोलला आणि बोलताना तेच दाबलेलं हसू आणाचा त्यानं प्रयत्न केला. आलं नाही.

“मामा, आई, बाबा, ऐका,” मी म्हटलं. “ते बोट कापलं तं माझ्याकडून नाही समजा. आणि नाही कापलं तं माझ्याकडून हो आहे.”

आई म्हणे, उर्वशे, जरा थांब, माणसं काय म्हणतीन. मी म्हटलं, माणसं मोजतीन. मोजू द्या, सहापर्यंत तं सगळ्याईलेच येते. लेकराले असं बोट आलं तं त्याच्यासाठी आपण दोन वायसर जास्त ठेवू. मामानं तोंड उघडलं. बाबानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पोह्याची प्लेट त्याच्या समोर सरकवली. माझ्या बाबानं आयुष्यात एवढं मोठं भाषण कधी केलं नव्हतं.

केवळरामजी रडत होते का हसत होते मले समजलं नाही, चष्म्याची काच धुकट झाली होती. मंग रिवाजाप्रमाणे आईनं म्हटलं की पोरापोरीले दोन शब्द बोलू द्या, आणि आम्ही परसात गेलो. तिथे तो माझ्यापासून चांगला लांब उभा राहिला आणि हात अजूनही आत.

त्यानं विचारलं, तुम्ही दयेनं तं हो नाही ना म्हटलं? मी म्हटलं, मी दोन दिवस तुमच्यावर जळून बसली होती, जेवली नव्हती, दया कुठून येईन? तो म्हणे, कायले जळल्या? मंग मी सगळं सांगून टाकलं. ती सावली, ती पोरगी, तिचं बारीक बोट, तिले फोटोतून कापणारा निर्दय माणूस. तो ऐकत गेला. पहिले त्याले समजलंच नाही. मंग समजलं, आणि तो असा हसाले लागला की आतून मामानं विचारलं काय झालं.

हसता हसता त्याले हाताची आठवण राहिली नाही. हात खिशातून निघाला, बाही मनगटावर सरकली, आणि त्यानं त्या लहान अंगठ्याकडे पाहिलं.

“म्हणजे हिच्यावर जळल्या?” तो म्हणे.

“हो,” मी म्हटलं. “आता ती माझ्याही घरची आहे. लपवाची नाही.”

त्यानं हात पुढे केला. मी धरला. दोन्ही अंगठे माझ्या मुठीत आले, लहान जरा गार होता.